गुग्गुळाचे तीन आकडे

एकाच औषधाबद्दल तीन आकडे आहेत. पहिल्या चाचणीत गुग्गुळाने रक्तातलं कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरलं. त्याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या चाचणीत ते ११ टक्क्यांनी उतरलं. आणि चौदा वर्षांनी अमेरिकेत झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो ते, उलट ४ ते ५ टक्क्यांनी वाढलं. तिन्ही आकडे प्रामाणिकपणे छापलेले आहेत. आता कुणी या विषयावर पद्धतशीर आढावा लिहायला बसला, म्हणजे जगभरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून ‘गुग्गुळाने कोलेस्टेरॉल कमी होतं का?’ या प्रश्नाचं एकच उत्तर द्यायचं ठरवलं, तर त्याने यातला कुठला आकडा धरायचा?

तिघांची बेरीज करून तीनने भागणं हा एक मार्ग झाला. संगणक तो अर्ध्या मिनिटात करून देतो. पण तसं करणाऱ्या आढाव्यावर विसंबू नये.

गुग्गुळ म्हणजे राजस्थान-गुजरातच्या रखरखीत पट्ट्यात वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा डिंक. सालीला चीर दिली की तो पाझरतो आणि वाळून तपकिरी खडे होतात. आपल्याकडे योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ ही नावं घराघरांत माहीत असतात, निदान सांधे दुखणाऱ्या घरांत तरी. त्याची कोलेस्टेरॉलशी गाठ पडली ती १९६० च्या दशकात. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडला, सशांवर प्रयोग केले आणि १९६६ मध्ये प्रबंध सादर केला. पुढे त्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने या डिंकाचा अर्क काढून ‘गुग्गुलिपिड’ तयार केलं आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतात औषध म्हणून बाजारात आलं. म्हणजे ही काही ऐकीव घरगुती युक्ती नव्हती. ग्रंथातली नोंद, प्राण्यांवरचे प्रयोग, अर्क, माणसांवरची चाचणी, परवानगी अशा सगळ्या पायऱ्या चढून आलेलं हे औषध होतं.

पहिले दोन आकडे १९८९ मध्ये भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आले. मुंबई, नागपूर, बंगळुरू, दिल्ली, जयपूर, लखनौ आणि वाराणसी या शहरांतल्या केंद्रांनी मिळून हे काम केलं होतं. पहिल्या भागात २०५ रुग्णांनी बारा आठवडे ५०० मिलिग्रॅम गुग्गुलिपिड दिवसातून तीनदा घेतलं. सरासरी २३.६ टक्के उतार इथला. ही चाचणी खुली होती. आपल्याला काय दिलं जातंय हे रुग्णालाही ठाऊक आणि डॉक्टरलाही, आणि शेजारी तुलनेला नकली गोळी घेणारा गट नाही.

आढावा घेणारा इथे लगेच नाक मुरडत नाही, आधी चांगलं काय ते टिपून घेतो. या संशोधकांनी औषध सुरू करण्यापूर्वी आठ आठवडे सर्वांना पथ्याचा आहार आणि नकली गोळी दिली होती. हे शहाणपणाचं होतं, कारण ज्यांचा आकडा तपासणीच्या दिवशी फार वर गेलेला असतो अशांनाच चाचणीत घेतलं जातं. त्यातल्या काहींचा आकडा त्या दिवशी योगायोगाने चढलेला असतो आणि पुन्हा मोजला की काहीही न करता खाली येतो. आठ आठवडे थांबल्याने या आपोआप होणाऱ्या घसरणीचा बराचसा भाग औषधाच्या खात्यावर जमा होत नाही. पण बराचसाच, सगळा नाही. पुढच्या बारा आठवड्यांत रुग्णाने वजन उतरवलं, तूप कमी केलं, सकाळी चालायला सुरुवात केली, तर ते वेगळं कसं काढणार? त्यासाठी शेजारी दुसरा गट लागतो, त्याच काळात, त्याच दवाखान्यात येणारा, फक्त गोळी वेगळी.

दुसऱ्या भागात तसा गट होता. इथे गुग्गुलिपिडची तुलना क्लोफायब्रेट या त्या काळच्या आधुनिक औषधाशी केली आणि कोण काय घेतंय हे दोन्ही बाजूंपासून लपवलं. निकाल असा लागला: गुग्गुलिपिडने ११ टक्के उतार, क्लोफायब्रेटने १० टक्के. अनेक लेखांत हे वाक्य ‘गुग्गुळ आधुनिक औषधाच्या तोडीस तोड’ असं येतं. आढावाकार मात्र आधी दुसऱ्याच गोष्टीपाशी थांबतो. तेच औषध, तेच संशोधक, पण पट्टी बांधल्याबरोबर २३.६ चे ११ झाले. ही घट रुग्ण बदलल्यानेही झाली असेल, पण खुल्या चाचणीचा आकडा फुगलेला असतो हा अनुभव वैद्यकात इतका जुना आहे की त्या २३.६ वर पुढे फार भार टाकता येत नाही.

तोडीस तोड असण्यातही एक मेख आहे. दोन औषधं सारखी ठरली याचा अर्थ दोन्ही चालली असाही होतो आणि दोन्ही चालली नाहीत, आकडा पथ्याने उतरला, असाही होऊ शकतो. तिसरा, नकली गोळीचा गट असता तर हा वाद मिटला असता. शिवाय ही चाचणी अदलाबदलीची होती. म्हणजे काही काळानंतर रुग्णांची औषधं पालटायची. पहिल्या औषधाचा अंमल शरीरात रेंगाळत असताना दुसरं सुरू झालं तर श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही. आणि जाता जाता: क्लोफायब्रेटवर जागतिक आरोग्य संघटनेने घेतलेल्या मोठ्या चाचणीत, १९७८ मध्ये, औषध घेणाऱ्यांत मृत्यू उलट जास्त आढळले होते. कोलेस्टेरॉल उतरवणं आणि माणूस जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुग्गुळाच्या या चाचण्यांपैकी एकीनेही हृदयविकाराचे झटके मोजलेले नाहीत.

१९९४ मध्ये मुरादाबादहून ६१ रुग्णांची चाचणी आली. तिच्यात नकली गोळीचा गट होता, फळं-भाज्यांचा आहार आधी बारा आठवडे दिलेला होता आणि एलडीएल सुमारे साडेबारा टक्क्यांनी उतरलं होतं. २००२ मध्ये तर ‘सायन्स’ या नियतकालिकात गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरॉन हे द्रव्य पेशीतल्या कोणत्या कळीवर काम करतं तेही छापून आलं. पित्तरसातल्या आम्लांचा हिशोब ठेवणारी ती कळ. आता काम कसं होतं याचंही उत्तर मिळालं असं सर्वांना वाटलं.

पुढच्याच वर्षी ‘जामा’मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची चाचणी आली. १०३ माणसं, आठ आठवडे, तीन गट. एका गटाला १००० मिलिग्रॅम गुग्गुलिपिड दिवसातून तीनदा, दुसऱ्याला २००० मिलिग्रॅम तीनदा, तिसऱ्याला तशीच दिसणारी नकली गोळी. नकली गोळीवाल्यांचं एलडीएल ५ टक्क्यांनी उतरलं. गुग्गुळवाल्यांचं कमी मात्रेत ४ आणि जास्त मात्रेत ५ टक्क्यांनी चढलं. एकूण कोलेस्टेरॉलमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. आणि सहा जणांच्या अंगावर पुरळ उठलं. सहाही गुग्गुळ घेणारे.

अशा वेळी दोन्ही छावण्यांचे लोक हातातला आकडा घेऊन धावतात. आढावाकाराचं काम त्यांच्यासारखं धावायचं नसतं. त्याचा पहिला प्रश्न अगदी साधा असतो: या चाचण्यांमधल्या गोळ्यांत एकच वस्तू होती का?

आधुनिक औषधाबाबत हा प्रश्न कुणी विचारत नाही. अमुक मिलिग्रॅम अॅटोरव्हास्टॅटिन पुण्यात आणि फिलाडेल्फियात एकच असतं. डिंकाचं तसं नाही. झुडूप कुठल्या जमिनीत वाढलं, डिंक कोणत्या महिन्यात काढला, किती जुना आहे, यावर त्यातली द्रव्यं बदलतात. त्यात गुग्गुळाची झुडपं आज धोक्यात आहेत, कारण डिंकासाठी खोल चिरा देऊन ती मारली गेली. माल कमी आणि मागणी जास्त असली की दुसऱ्या झाडांचे डिंक मिसळले जातात, आणि खडे पाहून ते नेहमी ओळखू येत नाहीत.

मग प्रमाणीकरण कसं करायचं? रूढ पद्धत अशी की डिंकातलं एखादं ओळखीचं द्रव्य खूण म्हणून धरायचं आणि ते अर्कात ठरावीक टक्के आहे याची प्रयोगशाळेत खात्री करायची. गुग्गुळात ही खूण म्हणजे गुग्गुलस्टेरॉनची ‘ई’ आणि ‘झेड’ ही दोन रूपं. अमेरिकेतल्या अर्कात ती मिळून २.५ टक्के होती. म्हणजे हजार मिलिग्रॅमच्या मात्रेत २५ मिलिग्रॅम, दिवसाला ७५, आणि दुप्पट मात्रेच्या गटात १५०. मुरादाबादच्या चाचणीत दिवसाला १०० मिलिग्रॅम गुग्गुलस्टेरॉन दिलं होतं. म्हणजे खुणेच्या द्रव्याच्या हिशोबाने अमेरिकेतले दोन गट मुरादाबादच्या मात्रेच्या दोन बाजूंना बसतात, एक थोडा खाली आणि एक वर. मात्रा कमी पडली म्हणून गुण आला नाही ही सबब इथे चालत नाही. आणि जास्त मात्रेने जास्त उतार, असंही काही दिसलं नाही.

पण खूण जुळली म्हणजे वस्तू जुळली असंही नाही. या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत जास्त निसटते. अर्क काढताना कोणता द्रावक वापरला त्यावर गोळीत काय उतरणार ते ठरतं. लखनौचा अर्क इथाइल अॅसिटेट या द्रावकाने काढलेला होता. दोन अर्कांत गुग्गुलस्टेरॉन सारखंच असलं तरी बाकीच्या साडेसत्त्याण्णव टक्क्यांत काय आहे ते वेगळं असू शकतं. गुण त्या बाकीच्या भागाचा असेल तर? पुरळही त्याच भागामुळे उठत असेल तर? नुसत्या खुणेवरून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी अर्काचा पूर्ण रासायनिक ठसा लागतो, आणि जुन्या निबंधांत तो सापडत नाही.

यात वैद्यांचा एक आक्षेप रास्त आहे. रसशाळेत गुग्गुळ कच्चा वापरत नाहीत. त्याचं शोधन होतं. खडे कापडाच्या पोटलीत बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात, काही परंपरांत गोमूत्रात किंवा दुधात, उकळतात. कचरा पोटलीत राहतो, विरघळलेला गुग्गुळ आटवून घेतात आणि पुढे तुपाचा हात लावून कुटतात. कच्च्या गुग्गुळाने पुरळ उठतं आणि पोट बिघडतं, हे शोधनाचं कारण म्हणून सांगितलं जातं. द्रावकाने काढलेल्या अर्काचा या कृतीशी फारसा संबंध नाही. तेव्हा फिलाडेल्फियाच्या चाचणीने योगराज गुग्गुळाबद्दल काही सिद्ध केलं नाही, हे खरं. पण मग मुंबई-नागपूरच्या चाचणीनेही केलं नाही. अनुकूल निकाल आला की ‘ग्रंथात होतंच’ म्हणायचं आणि प्रतिकूल आला की ‘हा आमचा गुग्गुळ नव्हे’ म्हणायचं, अशी दुहेरी सोय आढाव्यात घेता येत नाही.

वनस्पतींच्या चाचण्यांचा अहवाल कसा लिहावा याची एक आंतरराष्ट्रीय नियमावली २००६ मध्ये निघाली. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग, कोणता द्रावक, किती मूळ मालापासून किती अर्क, खुणेचं द्रव्य किती आणि ते कसं मोजलं, शिसं-पारा तपासला का, आणि नकली गोळी कशाची होती, हे सगळं लिहावं असं ती सांगते. मागणी अवाजवी मुळीच नाही. पाककृतीच्या पुस्तकात याहून जास्त तपशील असतो. तरी अनेक निबंधांत फक्त वनस्पतीचं नाव आणि कंपनीचं नाव एवढंच मिळतं. मग आढावाकार लेखकांना पत्र लिहितो, त्या खेपेच्या मालाचा तपासणी अहवाल मागतो, आणि बहुतेक वेळा वाट पाहत बसतो.

दुसरा प्रश्न नकली गोळीचा. साखरेची पांढरी गोळी आधुनिक औषधाशेजारी खपून जाते. गुग्गुळाला उग्र वास आहे, चव कडू-तुरट, आणि घेतल्यावर त्याची ढेकर येते. कॅप्सूलमध्ये भरला तरी बाटली उघडताच वास सांगतो. ज्याच्या बाटलीला वास नाही त्याला कळतं की आपल्या वाट्याला काय आलंय.

हे कितपत बिघडवतं, ते काय मोजताय त्यावर ठरतं. कोलेस्टेरॉल रुग्णाच्या आशेने उतरत नाही, पण रुग्णाचं जेवण आशेने बदलतं. ‘मला खरं औषध मिळालंय’ असं वाटणारा पथ्य सोडू शकतो किंवा जास्त कसून पाळू शकतो. दुखणं मोजायचं असेल तर मामला याहून नाजूक. पुण्यात संधिवातावर अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांच्या मिश्रणाची १८२ रुग्णांवर, १६ आठवड्यांची चाचणी झाली. २००० मध्ये ती छापून आली. नकली गोळीच्या गटातही रुग्णांना भरपूर आराम पडला होता. इतका, की बहुतेक मोजमापांत दोन गटांतलं अंतर उरलं नाही. सांध्यांची सूज आणि रक्तातला एक घटक अशा थोड्याच ठिकाणी खऱ्या औषधाने बाजी मारली. तो नकली गट नसता तर ‘औषधाने रुग्णांना मोठा आराम’ असा मथळा झाला असता, आणि त्यातला एकही शब्द खोटा नसता.

वास लपवायचा म्हणून नकली गोळीत थोडं खरं औषध मिसळण्याची एक पद्धत आहे. वास जुळतो, पण मग ती नकली राहते का? थोड्या मात्रेलाही गुण असला तर दोन गटांतलं अंतर खोटंच कमी दिसतं. त्याऐवजी दुसरी एखादी कडू वनस्पती घातली तर तिचेही गुणदोष असतात. फिलाडेल्फियात नकली गटाचं एलडीएल ५ टक्क्यांनी उतरलं, तेव्हा त्या गोळीत काय भरलं होतं हा प्रश्नही आढावाकाराला विचारावा लागतो. बहुधा उत्तर साधं असतं: चाचणीत आहोत म्हटल्यावर माणसं जरा जपून खातात. पण विचारायला हवं.

या अडचणीवर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी काढलेला तोडगा मोठा मजेशीर आहे. कच्च्या लसणीने कोलेस्टेरॉल उतरतं का ते त्यांना पाहायचं होतं. नकली लसूण आणणार कुठून? त्यांनी सँडविचं केली. एका गटाच्या सँडविचच्या चटकदार सारणात जवळपास एका पाकळीएवढी कच्ची लसूण, बाकीच्यांच्या सारणात लसूण नाही. आठवड्याचे सहा दिवस, सहा महिने, १९२ माणसं. काहींना त्याऐवजी लसणीच्या दोन प्रकारच्या गोळ्या, आणि एका गटाला सगळंच नकली. खाणाऱ्याला वास येणार नाही असा दावा कुणीच करणार नाही, पण प्रयत्न पाहण्यासारखा होता. लसणीतलं अॅलिसिन हे द्रव्य पाकळी ठेचल्यावरच तयार होतं, म्हणून वापरलेल्या मालाची रासायनिक तपासणीही त्यांनी केली. २००७ मध्ये निकाल आला: कुठल्याच गटात एलडीएल हललं नाही. लसणीवरच्या जुन्या, सैल चाचण्यांच्या बेरजेने त्याआधी चांगला उतार दाखवला होता.

गुग्गुळाकडे परत येऊ. आढावाकाराच्या तक्त्यात आता प्रत्येक चाचणीपुढे तीन रकाने भरलेले असतात: गोळीत काय होतं, तुलना कशाशी होती, आणि पट्टी खरंच बांधलेली राहिली का. २०५ रुग्णांची खुली चाचणी बेरजेतून बाहेर जाते. क्लोफायब्रेटची तुलना वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणून वेगळी मांडली जाते. आणि हेही ध्यानात घ्यावं लागतं की सुरुवातीचे दोन आकडे एकूण कोलेस्टेरॉलचे होते आणि तिसरा एलडीएलचा, म्हणजे तिघांची सरासरी काढणं मुळातच चुकीचं झालं असतं. उरतात नकली गोळीशी तुलना केलेल्या मोजक्या चाचण्या: एक मुरादाबादची, एक फिलाडेल्फियाची, आणि २००९ मध्ये छापलेली नॉर्वेची, ४३ जणांची. नॉर्वेत एकूण कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, पण त्यासोबत ‘चांगलं’ एचडीएलही उतरलं, आणि एलडीएल जागचं हललं नाही.

मुरादाबाद आणि फिलाडेल्फिया यांतला विरोध कशामुळे? रुग्णांचा आहार वेगळा होता. तिकडे फळं-भाज्यांची तीन महिन्यांची पूर्वतयारी, इकडे नेहमीचं अमेरिकन जेवण. अर्क एकच होता की नाही ते सांगता येत नाही. वंशपरत्वे शरीर वेगळं प्रतिसाद देतं ही शक्यताही मांडली गेली, पण तिला आधार देणारी चाचणी हातात नाही. आढावाकार या शक्यता चर्चेत लिहितो, निष्कर्षात नाही.

‘आयुर्वेदात प्रत्येकाला वेगळं औषध, मग एकच गोळी सर्वांना देऊन तपासणार कशी?’ हा आक्षेप या टप्प्यावर हमखास येतो. त्याला कोइमतूरमध्ये उत्तर शोधलं गेलं. तिथे संधिवाताच्या ४३ रुग्णांवर वैद्याने प्रत्येकाची प्रकृती पाहून औषधयोजना ठरवली. प्रत्येक औषधाची नकली जोडी तयार ठेवली होती, आणि मेथोट्रेक्झेट या आधुनिक औषधाचीही. वैद्य चिठ्ठी लिहायचा, पण रुग्णाच्या हातात खरं पडलं की नकली हे त्याला कळत नव्हतं. ३६ आठवड्यांनी गटांतले निकाल साधारण सारखे निघाले. २०११ मध्ये छापलेली ही चाचणी लहान होती आणि केवळ प्राथमिक म्हणून केलेली होती, शिवाय तिच्यात फक्त नकली औषधांवर ठेवलेला गट नव्हता, म्हणून क्लोफायब्रेटच्या वेळची मेख इथेही उरते. तरीही चिठ्ठी प्रत्येकाची वेगळी असूनही पट्टी बांधता येते, एवढं तिने दाखवलं.

गुग्गुळाच्या रकान्यात आज लिहिता येतं ते इतकंच: द्रावकाने काढलेल्या अर्काने एलडीएल उतरतं याचा भरवशाचा पुरावा नाही, काहींना पुरळ उठतं, आणि शोधन केलेल्या गुग्गुळाची, रासायनिक ठशासकट, वासाला जुळणाऱ्या नकली गोळीशी तुलना करणारी मोठी चाचणी या तक्त्यात नाही.